पाच मिनिटांत महाड : भाषण कापताना काय ठेवायचे आणि काय सोडायचे

आपल्या कार्यक्रमांत पाच मिनिटे कोणाला मिळतात? प्रमुख पाहुण्यांना नाही, अध्यक्षांना नाही. पाच मिनिटे मिळतात ती कॉलेजच्या मुलामुलींना, महिला मंडळाच्या कार्यकर्तीला आणि वस्तीत रोज काम करणाऱ्या पोराला. तीही बहुतेक वेळा शेवटी, लोक उठायला लागल्यावर. या वेळवाटपाविषयी भांडले पाहिजे आणि मी आयोजकांशी भांडतेही. पण ते भांडण जिंकेपर्यंत हातात पाच मिनिटेच आहेत. ती कशी वापरायची हा प्रश्न त्यामुळे आपल्या तरुणांसाठी शोभेचा नाही. ज्याला वेळ कमी मिळतो, त्याचे म्हणणे जास्त नेमके असावे लागते.

आमच्या वस्तीतल्या बी.कॉम.ला शिकणाऱ्या एका मुलीला २० मार्चच्या कार्यक्रमात बोलायचे होते. विषय चवदार तळ्याचा सत्याग्रह. तिने घरी मोबाईलवर भाषण रेकॉर्ड केले आणि मला ऐकवले. १० मिनिटे २० सेकंद झाले. आयोजकांनी सांगितले होते पाच. पुढचे तीन दिवस आम्ही दोघींनी त्या भाषणावर काम केले. ते काम कसे झाले तेच इथे सांगते, कारण जवळपास हेच दुखणे मला प्रत्येक जयंतीला दिसते.

पहिले काम म्हणजे भाषण जसे बोलले तसे कागदावर उतरवणे. मनातले भाषण कापता येत नाही, कागदावरचे येते. उतरवल्यावर साधारण ११९० शब्द भरले. म्हणजे तिचा वेग मिनिटाला सुमारे ११५ शब्द. हा वेग प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून दुसऱ्याचा आकडा घेऊ नये. स्वतःचे रेकॉर्डिंग घ्यावे, शब्द मोजावेत, मिनिटांनी भागावे. या वेगाने पाच मिनिटांत ५७५ शब्द बसतात. पण आम्ही ठरवले ४९०. कारण आपल्या सभेत मध्येच कोणी घोषणा देतो, टाळ्या पडतात, माईक खरखरतो, आणि बोलणाऱ्याला श्वासही घ्यावा लागतो. ४९० शब्द म्हणजे सव्वाचार मिनिटे. उरलेली पाऊण मिनिट सभेची.

दुसरे काम म्हणजे घड्याळ लावून कुठे किती वेळ जातो ते बघणे. मंचावरच्या मान्यवरांची नावे आणि महापुरुषांना अभिवादन, १ मिनिट २० सेकंद. बाबासाहेबांचा जन्म, बालपण आणि पदव्या, २ मिनिटे. महाडच्या दिवसाचे वर्णन, अडीच मिनिटे. मनुस्मृती दहन, १ मिनिट १० सेकंद. तिच्या कॉलेजमध्ये शिष्यवृत्तीच्या मुलांकडून प्रवेशाच्या वेळी फी मागितली जाते ती गोष्ट, दीड मिनिट. एक कविता, ४० सेकंद. शेवटी शिका, व्यसन सोडा, एकत्र या, मतदान करा असे आवाहन, १ मिनिट १० सेकंद.

हा हिशेब मांडल्यावर ती स्वतःच म्हणाली, "ताई, माझं खरं बोलणं तर आठव्या मिनिटाला सुरू होतंय." तिला राग होता तो फीचा. महाड तिला त्यासाठीच हवे होते. पण फीपर्यंत पोहोचायच्या आधी पाच मिनिटे संपली असती. आयोजकांची चिठ्ठी आल्यावर आपण भाषणाचा शेवट गाळतो, सुरुवात कधीच नाही. आणि आपण सांगायचे ते शेवटासाठी राखून ठेवलेले असते. मुख्य संदेश हरवतो तो असा.

तिने आधी स्वतः एक प्रयत्न केला. प्रत्येक भाग निम्मा केला. जन्म एक मिनिट, महाड सव्वा मिनिट, दहन अर्धे मिनिट, असे. भाषण साडेपाच मिनिटांवर आले. तिच्या नववीतल्या भावाला ऐकवले आणि विचारले, मी काय सांगितले? तो म्हणाला, "बाबासाहेबांबद्दल बोललीस." उत्तर चूक नव्हते, पण त्या उत्तरात फी नव्हती, हक्क नव्हता, महाडही नव्हते. सगळीकडून सारखे कापले की असे होते. लांब भाषण आणि आखूड भाषण यांच्यात फरक नुसता लांबीचा नसतो. दहा मिनिटांत तीन गोष्टी सांगता येतात, पाच मिनिटांत एकच. तीन गोष्टींना निम्मे करून एक गोष्ट होत नाही. दोन गोष्टी पूर्ण सोडाव्या लागतात.

म्हणून कात्री बाजूला ठेवली आणि तिला म्हटले, घरी जाताना ऐकणाऱ्याच्या डोक्यात कोणते एक वाक्य राहावे ते लिही. पहिल्यांदा तिने लिहिले, "महाडचा सत्याग्रह हा मानवमुक्तीचा लढा होता." हे खरे आहे, पण यावर कोणी वाद घालणार नाही आणि कोणी काही करणारही नाही. असे वाक्य विषयाचे नाव असते, म्हणणे नसते. दुसऱ्यांदा लिहिले, "आपल्यावर अजून अन्याय होतो." हेही सगळ्यांना माहीत आहे. मग मी तिला विचारले, १९२७ साली महाडच्या तळ्यावर जायला अस्पृश्यांना कायद्याने बंदी होती का? ती थांबली. बंदी नव्हती. उलट परवानगी होती.

महाडचा कणा इथे आहे आणि तो आपल्या बहुतेक भाषणांत सुटतो. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला होता. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे हक्क कागदावर होता, आणि तीन वर्षे एकही माणूस त्या तळ्यावर जाऊ शकला नव्हता. २० मार्च १९२७ ला परिषदेतली माणसे मिरवणुकीने तळ्यावर गेली आणि पाणी प्याली ती हक्क मागायला नाही, मिळालेला हक्क वापरायला. यानंतर तिने लिहिलेले वाक्य असे होते : "कागदावर मिळालेला हक्क आपण मिळून वापरायला जातो तेव्हाच तो आपला होतो."

हे वाक्य तिच्या वहीच्या वर मोठ्या अक्षरात लिहिले आणि भाषणाचा प्रत्येक परिच्छेद त्याच्याशी ताडून पाहिला. प्रश्न एकच ठेवला. हा परिच्छेद काढला तर वरचे वाक्य कमी खरे वाटेल का? वाटत असेल तर ठेवायचा. नसेल तर तो कितीही चांगला असो, जाईल.

मान्यवरांची नावे गेली. सूत्रसंचालकाने ती आधीच घेतलेली असतात. "विचारमंच आणि समोर बसलेल्या सर्वांना जय भीम" यात पाच सेकंदांत सगळे येतात. जन्म आणि पदव्या गेल्या. ज्या सभेत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे तिथे त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. कविता गेली. चार आवाहनांपैकी तीन गेली.

मग आले मनुस्मृती दहन. तिथे ती अडली. "ताई, महाडवर बोलायचं आणि दहन काढायचं? लोक काय म्हणतील?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या सभेत काही उल्लेख हजेरीसारखे असतात. ते आले नाहीत तर वक्त्याच्या निष्ठेवर शंका येते. पण विचार करा, दहन झाले २५ डिसेंबर १९२७ ला, महाडच्या दुसऱ्या परिषदेत. त्याचा मुद्दा वेगळा आहे. विषमतेला पवित्र ठरवणाऱ्या ग्रंथाचा अधिकार नाकारणे हा तो मुद्दा. मार्चमधली कृती कागदावरचा हक्क वापरण्याची होती, डिसेंबरमधली कृती विषमतेचा कागदच जाळण्याची. दोन्ही एका भाषणात पूर्ण मांडायला वीस मिनिटे लागतात. पाच मिनिटांत दहनाला वीस सेकंद देणे म्हणजे त्याचा आदर नाही, हजेरी आहे. त्यासाठी २५ डिसेंबरची सभा आहे, तिथे त्याला पूर्ण पाच मिनिटे द्यावीत. तिला हे पटायला एक रात्र लागली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः त्या भागावर रेघ मारली.

आता याच्या उलट बाजू. कापण्याच्या भरात जे जाऊ नये ते जाते. तिच्या पहिल्या छाटणीत १९२३ आणि १९२४ हे दोन्ही ठराव उडाले होते, कारण ते कोरडे वाटतात. उरले होते तळे, तहान, मिरवणूक, हल्ला आणि शुद्धीकरण. ऐकायला जोरदार, पण ठराव काढले की महाड ही तहानेची गोष्ट होते. मग ऐकणाऱ्याला वाटते, आज आपल्या घरी नळ आहे, म्हणजे महाड संपले. ठराव ठेवले की महाड ही अंमलबजावणीची गोष्ट होते, आणि ती आज दुपारी कॉलेजच्या फी खिडकीवरही चालू असते. नियम असा की विशेषणे आणि प्रसंग आधी कापा, कारण जोडणारे दुवे सगळ्यात शेवटी. "म्हणून", "तरीही", "कारण" असे शब्द ज्या वाक्यात आहेत त्यांना हात लावण्यापूर्वी दोनदा थांबा.

वाक्य कसे बदलले ते एका परिच्छेदात दाखवते. मूळ भाषणात असे होते :

"त्या काळामध्ये सदर तळ्याचे पाणी हे कुत्र्या-मांजरांना पिण्याची मुभा देण्यात आलेली होती परंतु माणसासारख्या माणसाला मात्र त्या ठिकाणी पाण्याला स्पर्श करण्यास मज्जाव करण्यात येत होता आणि अशा या अत्यंत अमानुष, क्रूर आणि लाजिरवाण्या परिस्थितीमध्ये विश्वरत्न, महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या हजारो अनुयायांसह त्या ठिकाणी प्रस्थान केले."

नवीन असे झाले :

"१९२३ ला विधिमंडळाने ठराव केला. पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेने ठराव केला. तळे सगळ्यांना खुले. तरीही १९२७ पर्यंत आपला एक माणूस त्या तळ्यावर जाऊ शकला नाही. ठराव होता, पाणी नव्हते. म्हणून २० मार्चला बाबासाहेब लोकांना घेऊन निघाले."

शब्द थोडे कमी झाले, आणि माहिती वाढली. "देण्यात आलेली होती", "करण्यात येत होता" ही सरकारी पत्रातली क्रियापदे आहेत. त्यांत करणारा माणूस दिसत नाही. कोणी मज्जाव केला, कोणी ठराव केला हे सांगितले की वाक्य आपोआप आखूड होते. जाहीर बोलण्यात एका वाक्यात एकच क्रियापद चालते. "आणि", "परंतु", "अशा या" यांनी जोडलेले लांब वाक्य वाचता येते, पण ऐकणाऱ्याच्या हातून ते मध्येच निसटते.

थोडक्यात सांगताना खोटे होण्याचाही धोका असतो. तिच्या मसुद्यात शेवटाकडे वाक्य होते : "१९३७ ला हायकोर्टाने आपला समतेचा हक्क मान्य केला." हे सुटसुटीत आहे, टाळ्याही मिळतील, पण असे झाले नव्हते. डिसेंबर १९२७ मध्ये तळे खाजगी असल्याचे सांगत काही सवर्णांनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा केला. तो हायकोर्टापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ ला तिथेही फेटाळला गेला. फेटाळताना न्यायालयाने समतेचा सिद्धांत सांगितला नाही. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासूनची असल्याचे दावेदारांना सिद्ध करता आले नाही, असे कारण दिले. एवढे सगळे पाच मिनिटांत बसत नाही. मग काय म्हणायचे? आम्ही लिहिले : "समोरचे लोक कोर्टात गेले. खटला नऊ वर्षांहून जास्त चालला. १९३७ ला ते हायकोर्टात हरले." तीन वाक्ये, तिन्ही खरी. तपशील गाळणे चालते. गाळल्यावर उरलेले वाक्य जाणत्या माणसाने तपासले तरी उभे राहिले पाहिजे. आपल्या तरुणांनी सभेत चुकीचे वाक्य बोलले की समोरचा तेच धरून बसतो आणि पूर्ण मुद्दा बाजूला पडतो.

मग फीची गोष्ट. मूळ भाषणात ती होती, "आजही महाविद्यालयांमध्ये मागासवर्गीय विद्यार्थ्यांची आर्थिक पिळवणूक होते." हे कोणाच्याही डोळ्यांपुढे उभे राहत नाही. मी विचारले, तुझ्या वर्गात काय झाले? तिने सांगितले, मैत्रिणीचे उत्पन्न अडीच लाखांच्या मर्यादेत, जातीचा दाखला हातात, भारत सरकार शिष्यवृत्तीला ती पात्र, तरी खिडकीवर सांगितले, आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत मिळेल. तिच्या आईने बचत गटातून कर्ज काढून फी भरली. पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये अशा शासनाच्या सूचना आहेत. म्हणजे पुन्हा तेच, कागद आहे आणि खिडकीवर तो चालत नाही. ही गोष्ट १२० शब्दांत बसली आणि महाडच्या शेजारी ठेवल्यावर तिला स्पष्टीकरण लागले नाही.

शेवटचे आवाहन एकच ठेवले, आणि ते हात उचलून करता येईल असे. "ज्यांच्याकडून प्रवेशाच्या वेळी फी घेतली, त्यांनी पावती घेऊन या रविवारी सकाळी १० वाजता विहारात या. एकटे जाऊ नका. सगळे मिळून समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जाऊ. पावती नसेल तर उद्या कॉलेजात जाऊन मागा." आवाहन चांगले की वाईट हे ओळखायची माझी खूण साधी आहे. ऐकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचे ते कळले का? "संघटित व्हा" म्हटल्यावर कळत नाही. "पावती शोधा" म्हटल्यावर कळते.

वाटणी अखेर अशी झाली. जय भीम आणि पहिले वाक्य १५ सेकंद, दोन ठराव एक मिनिट, २० मार्च ५० सेकंद, हल्ला, शुद्धीकरण आणि खटला ३५ सेकंद, फी १ मिनिट ५ सेकंद, आवाहन अर्धे मिनिट. एकूण सव्वाचार मिनिटे. शुद्धीकरणाचा प्रसंग तिला फार आवडायचा. तो काढला नाही, एका वाक्यात आणला. खटल्याच्या परिच्छेदाला पेन्सिलने चौकट केली. ऐनवेळी "तीनच मिनिटे घ्या" अशी चिठ्ठी आली तर आधी चौकट गाळायची, मग २० मार्चचे वर्णन निम्मे करायचे, पण आवाहनाला हात लावायचा नाही. काय गाळायचे ते घरी ठरलेले असले की मंचावर घाबरून शेवट गाळला जात नाही.

भाषण चार कार्डांवर मोठ्या अक्षरात लिहिले. पहिले आणि शेवटचे वाक्य पाठ, बाकी कार्डाकडे बघून. उभे राहून, मोठ्या आवाजात, घड्याळ लावून तीन वेळा म्हटले. बसून मनात वाचले की वेळ नेहमी कमी दिसतो. पुन्हा भावाला ऐकवले. या वेळी तो म्हणाला, "ठराव होता तरी पाणी देत नव्हते, म्हणून ते गेले. आणि रविवारी पावती घेऊन जायचं." एवढे त्याला सांगता आले म्हणजे भाषण झाले.

या पद्धतीला मर्यादा आहे, तीही सांगते. प्रत्येक विषय पाच मिनिटांत आणू नये. अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणावर १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. त्यावर आपल्यातच प्रामाणिक मतभेद आहेत. तिथे समोरच्याची बाजू मांडल्याशिवाय आपली बाजू मांडणे न्याय्य नाही, आणि दोन्ही बाजू पाच मिनिटांत मांडल्या की दोन्ही पोकळ होतात. अशा विषयावर पाच मिनिटे मिळाली तर स्पष्ट सांगावे की मी एकच प्रश्न उपस्थित करते, चर्चेसाठी वेगळी बैठक घ्या. जिथे सभेला माहीत असलेली गोष्ट नव्या बाजूने दाखवून एका कृतीपर्यंत न्यायची आहे, तिथे पाच मिनिटे पुरतात.

आपल्याकडे लांब बोलणाऱ्याला अभ्यासू समजतात. अभ्यास लांबीत नसतो. तो कशात असतो ते या भाषणात दिसले. दोन ठरावांची वर्षे माहीत असणे, खटल्याचे वाक्य खोटे न होऊ देणे आणि मनुस्मृती दहनावर आपल्या हाताने रेघ मारता येणे, यात तो होता. पाच मिनिटांच्या भाषणामागे दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा जास्त वाचन लागते, फक्त ते माईकवर ऐकू येत नाही.

जय भीम.